गवती चहाच्या तेलाचा उतारा: वाफेवर तेल काढणं, ट्रॅपवर मोजणं आणि टक्केवारीचा हिशोब

एकाच वाफ्यातला गवती चहा दोघांनी कापून नेला. एकाने त्याच दिवशी तेल काढलं आणि वहीत लिहिलं, उतारा ०.४४ टक्के. दुसऱ्याने गवत रात्रभर सावलीत पसरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तेल काढलं आणि लिहिलं, ०.६३ टक्के. दोघांचंही उपकरण नीट होतं, वाचनही बरोबर होतं. मग सुकवल्याने तेल वाढलं का? नाही, एक थेंबही वाढलं नाही. हा घोळ हिशोबात कुठे शिरतो, हे या लेखातून स्पष्ट व्हावं असं मला वाटतं. त्यासाठी गवत कापण्यापासून टक्केवारी लिहिण्यापर्यंतचं सगळं काम क्रमाने सांगतो. उदाहरण गवती चहाचंच घेतो, कारण तो परसदारी सहज मिळतो, त्याचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि दोन-अडीच तासांत काम आटोपतं.

उपकरण कसं चालतं

गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रल. तो एकटा उकळायचा म्हटलं तर सव्वादोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं आणि तोवर त्याची नासाडी होते. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचे दाब वेगवेगळे राहतात आणि त्यांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, आणि ते शंभर अंशांच्या किंचित खालीच घडतं. तेलाचा वाटा लहान असतो, म्हणून थोडं तेल आणायला पुष्कळ पाणी वाफ होऊन यावं लागतं. वाफेवर तेल काढण्याचं सगळं तंत्र याच एका गोष्टीवर उभं आहे.

तेल मोजण्याचा काचेचा ट्रॅप जे. एफ. क्लेव्हेंजर यांनी १९२८ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याची खुबी साधी आहे. कंडेन्सरमधून थंड होऊन पडणारं पाणी आणि तेल खुणा केलेल्या उभ्या नळीत साठतं. तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. नळीच्या तळाकडून निघालेली एक तिरपी नळी जास्तीचं पाणी परत फ्लास्ककडे नेते. पाणी फिरत राहतं आणि तेल नळीत अडकून पडतं. पाण्यात विरघळलेला थोडासा सुगंधही त्यामुळे पुन्हा उकळीला जातो, वाया जात नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. गवत थेट पाण्यात बुडवून उकळलं तर ते जल-ऊर्ध्वपातन. गवत पाण्याच्या वर ठेवून त्यातून नुसती वाफ सोडली तर ते बाष्प-ऊर्ध्वपातन. ट्रॅप दोन्हीकडे तोच. मी दुसरी पद्धत सांगतो आहे. तिच्यात पाला तळाला लागून करपत नाही आणि तेलाला करपट वास येत नाही.

मांडणी खालून वर अशी: हीटिंग मँटल, त्यावर दोन लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, त्यावर दोन लिटरचंच पाला भरायचं काचेचं भांडं, ज्याच्या बुडाशी जाळी असते. त्यावर क्लेव्हेंजर ट्रॅप आणि ट्रॅपच्या माथ्यावर कंडेन्सर. कंडेन्सरचं वरचं तोंड कायम उघडं ठेवायचं. वास जाऊ नये म्हणून तिथे बूच लावायचा मोह होतो, पण बंद काचेत वाफ कोंडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. सांध्यांना ग्रीसही लावू नका. सुगंधी तेल ग्रीस विरघळवतं आणि ते तुमच्या मोजणीत येऊन बसतं. सांधा पाण्याने ओला करून बसवला किंवा टेफ्लॉनची पातळ पट्टी गुंडाळली की पुरतं.

गवताची तयारी

पाती आणि बुडाकडचा पांढरट दांडा वेगळे करा. तेल मुख्यतः पातीत असतं. दांडा जास्त आला की वजन वाढतं, तेल त्या मानाने वाढत नाही, आणि उतारा उगाच कमी दिसतो. पातीचे दोन ते तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, आणि तेही वजन करून भांड्यात भरायच्या अगदी आधी. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या तेलपेशींमध्ये असतं. तुकडे केल्याने वाफेला तिथे पोचायला वाट मिळते, पण त्याच वाटेने तेल हवेतही उडतं. कापताना हाताला आणि खोलीभर जो वास येतो ते तुमच्या नळीत न पोचलेलं तेल आहे. मिक्सरमध्ये भुगा करणं तर दोन्हीकडून तोट्याचं: तेल उडतं आणि भुगा भांड्यात घट्ट बसून वाफ अडवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं पाऊल, जे बहुतेक जण वगळतात. कापलेला ढीग नीट मिसळा आणि त्याच ढिगातून, त्याच वेळी, दोन नमुने घ्या. एक तेलासाठी, २५० ग्रॅम. दुसरा ओलाव्यासाठी, १० ग्रॅम. दुसरा नमुना बशीत पसरून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ओलाव्याचा नमुना तासाभराने घेतला तर उपयोग नाही, कारण तोवर ढिगाने पाणी सोडलेलं असतं.

२५० ग्रॅमच का? ट्रॅपवर साधारण एक मिलिलिटर तरी तेल यावं म्हणून. ५० ग्रॅम गवत घेतलं तर तेल येईल ०.२ मिलिलिटरच्या आसपास, आणि ०.१ मिलिलिटरच्या खुणांवर ते वाचणं म्हणजे अंदाजपंचेच. उलट तेल इतकंही नको की त्याचा थर खाली सरकत परतीच्या नळीच्या तोंडाशी जाईल. तसं झालं तर तेल पाण्याबरोबर फ्लास्कमध्ये परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

चालवणं

खालच्या फ्लास्कमध्ये एक लिटर पाणी आणि उकळी शांत राहावी म्हणून चार-पाच दगडी खडे घाला. खडे थंड पाण्यातच टाकायचे. उकळत्या पाण्यात टाकले की पाणी एकदम उसळतं.

पाला भरताना हाताने थोडा थोडा टाका आणि भांडं हलकेच ठोका, दाबू नका. एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट राहिला तर वाफ सैल बाजूने सरळ वर निघून जाते आणि घट्ट भागातलं तेल तसंच राहतं. हे घडलं की नाही ते शेवटी भांडं उघडल्यावर समजतं. नीट वाफ लागलेला पाला सगळीकडे सारखा मळकट तपकिरी-हिरवा आणि मऊ असतो. मध्येच ताज्या हिरव्या रंगाचा पट्टा दिसला आणि तो चुरगळून वास आला, तर ती फेरी बाद धरा.

ट्रॅप जोडल्यावर त्याच्या खुणांच्या नळीत वरून पाणी ओता, परतीच्या नळीतून ते ओसंडायला लागेपर्यंत. रिकाम्या ट्रॅपने सुरुवात केली तर पहिलं तेल नळीच्या बुडाशी, वळणावर जाऊन चिकटतं आणि काही थेंब परतीच्या वाटेला लागतात. वाचनाच्या चुकांचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

कंडेन्सरचं पाणी खालून आत, वरून बाहेर. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच गरम येतं आणि त्याने वाफ पुरती थिजत नाही. बादलीत पाणी आणि बर्फ घेऊन कूलरचा छोटा पंप त्यात सोडला की प्रश्न मिटतो, पाण्याचीही बचत होते. परीक्षा सोपी आहे: कंडेन्सरच्या वरच्या तोंडाशी लिंबासारखा वास ठळक यायला लागला तर तेल निसटतं आहे. आच कमी करा किंवा पाणी गार करा.

आता मँटल चालू करा. पहिली वाफ गार पाल्यावरच थिजत राहते, म्हणून बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. घाईने आच वाढवू नका. ट्रॅपमध्ये पहिला थेंब पडला की घड्याळ लावा. वेळ तिथून मोजायची. आच अशी ठेवा की मिनिटाला दोन ते तीन मिलिलिटर द्रव पडेल. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला चाळीस ते साठ थेंब. यापेक्षा संथ चालवलं तर काम संपता संपत नाही. जोरात चालवलं तर तेलाचे बारीक कण पाण्याबरोबर ओढले जातात आणि थर नितळ होण्याऐवजी दुधट राहतो.

पंधरा मिनिटांनी पहिलं वाचन, मग दर पंधरा मिनिटांनी. एका फेरीचे नमुन्याचे आकडे असे दिसतील: १५ मिनिटांना ०.५० मिलिलिटर, ३० ला ०.७५, ४५ ला ०.९०, ६० ला १.०५, ९० ला १.१५ आणि १२० ला पुन्हा १.१५. जवळजवळ दोन तृतीयांश तेल पहिल्या अर्ध्या तासातच येतं आणि नंतर वेग मंदावत जातो. वाचन अर्धा तास एकाच आकड्यावर थांबलं की फेरी संपली असं मानायचं. ‘नेहमी दोन तास’ असा ठराविक वेळ पाळण्यापेक्षा हा नियम कितीतरी भरवशाचा आहे, कारण पाला, आच आणि भरणी दर वेळी थोडी वेगळी असते. घाईने ४५ मिनिटांवर थांबलात तर उतारा कमी येतोच, शिवाय हलके घटक आधी आणि जड घटक मागून येत असल्याने तेलाचं स्वरूपही बदलतं.

बंद करण्याआधी कंडेन्सरकडे बघा. आतल्या काचेवर तेलाचे थेंब चिकटलेले दिसले तर थंड पाणी अगदी थोडा वेळ बंद करा. गरम वाफ थोडी वर चढते आणि थेंब धुवून खाली आणते. नजर तिथेच ठेवा. वाफ कंडेन्सरच्या माथ्याकडे निघाली की पाणी लगेच सुरू करा. थेंब वारंवार चिकटत असतील तर काच तेलकट आहे. पुढच्या फेरीआधी ती साबणाने, मग ॲसिटोनने धुवून कोरडी करावी लागेल.

वाचन

मँटल बंद करा, पण कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा आणि निदान दहा मिनिटं थांबा. ट्रॅप हाताला खोलीइतकाच लागला पाहिजे. गरम तेल फुगलेलं असतं, त्यामुळे चालू असताना १.१५ दिसलेला थर थंड झाल्यावर १.१० वर येतो. हिशोबात धरायचा तो थंड आकडा.

थराला दोन कडा असतात: वर हवेशी आणि खाली पाण्याशी. दोन्ही वाचून वजाबाकी करायची. डोळा कडेच्या पातळीत आणा आणि मागे पांढरा कागद धरा. फिकट पिवळं तेल आणि पाणी यांच्यातली सीमा त्याशिवाय नीट दिसत नाही. खालच्या कडेजवळ पाण्यात तेलाचा एखादा गोळा अडकलेला असेल तर नळीला बोटाने टिचकी मारा, तो वर सरकून थरात मिसळतो.

आपल्या उदाहरणात एक कड १.४५ वर आणि दुसरी ०.३५ वर आहे. तेल १.१० मिलिलिटर.

हिशोब

आधी ओल्या वजनावर:

१.१० ÷ २५० × १०० = ०.४४ टक्के

हे घनफळ भागिले वजन आहे, म्हणजे १०० ग्रॅम ताज्या पातीमागे ०.४४ मिलिलिटर. वहीत ‘मिलिलिटर प्रति १०० ग्रॅम, ताजं वजन’ असं लिहायचं. नुसतं ‘०.४४ टक्के’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता ओलाव्याचा नमुना. १०.०० ग्रॅमचे ओव्हनमधून २.८० ग्रॅम उरले, म्हणजे ओलावा ७२ टक्के. २५० ग्रॅम पातीत कोरडा भाग २५० × ०.२८ = ७० ग्रॅम. त्यावर उतारा:

१.१० ÷ ७० × १०० = १.५७ टक्के

सुरुवातीचे ते दोघे इथे भेटतात. रात्रभर पसरलेल्या गवताचा ओलावा ७२ वरून ६० टक्क्यांवर आला असं धरू. कोरडा भाग तोच ७० ग्रॅम राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ४० टक्के आहे. म्हणजे २५० ग्रॅमचे १७५ ग्रॅम उरले. तेल तेवढंच, १.१० मिलिलिटर. त्यावर उतारा १.१० ÷ १७५ × १०० = ०.६३ टक्के. कोरड्या वजनावर काढला तर दोघांचाही १.५७. गेलं ते फक्त पाणी. कोरड्या वजनाचा आकडा कमी झाला असता तर सुकवताना तेल खरोखर उडालं असं म्हणता आलं असतं. सावलीतलं आणि उन्हातलं सुकवणं, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली कापणी, दोन वाणं, यांची तुलना करायची असेल तर कोरड्या वजनाशिवाय ती करूच नये असं माझं ठाम मत आहे. भट्टीवाल्याला मात्र ताज्या वजनाचाच आकडा लागतो, कारण तो टनावर गवत घेतो. म्हणून दोन्ही आकडे लिहा आणि ओलावाही लिहा.

वजन भागिले वजन असा उतारा हवा असेल तर घनफळाला घनतेने गुणा. गवती चहाच्या तेलाची घनता ०.८९ च्या आसपास असते, म्हणून १.१० × ०.८९ = ०.९८ ग्रॅम, आणि ताज्या वजनावर ०.३९ टक्के. हाच आकडा तेल बाटलीत काढून, वजन करूनही मिळवता येतो, पण तो जवळजवळ नेहमी थोडा कमी येतो. खालच्या तोटीतून पाणी सोडून मग तेल घेताना काही तेल काचेला चिकटून राहतं, आणि निर्जल सोडियम सल्फेट घालून त्यातलं पाणी शोषवताना थोडं त्या पावडरीतही अडकतं. बाटलीत ०.९३ ग्रॅम आलं तर घाबरू नका. उतारा म्हणून ट्रॅपवरचा आकडा धरा आणि बाटलीतलं वजन ‘हाती आलेलं तेल’ म्हणून वेगळं लिहा.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? ०.१ मिलिलिटरच्या खुणांवर डोळा ०.०५ पर्यंत वाचतो. दोन कडा आहेत, म्हणजे वाईटात वाईट चूक ०.१ मिलिलिटर, १.१० मागे सुमारे नऊ टक्के. आपला उतारा ०.४० ते ०.४८ च्या दरम्यान कुठेतरी आहे. कॅल्क्युलेटर कितीही दशांश दाखवू दे, दोनच लिहा. आणि दोन वाणांमध्ये ०.४४ आणि ०.४६ असा फरक आला तर एकेका फेरीवरून विजेता ठरवू नका. प्रत्येकाच्या निदान तीन फेऱ्या करा आणि त्यांच्या आपापसांतल्या फरकापेक्षा दोन वाणांमधला फरक मोठा आहे का ते पाहा.

दुसरा माल घेतला तर

हीच कृती जशीच्या तशी सगळीकडे चालत नाही. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड. ते हलक्या तेलाच्या ट्रॅपमध्ये बुडतं आणि परतीच्या नळीने फ्लास्कमध्ये निघून जातं. तासन् तास उकळूनही नळी रिकामी दिसते. त्यासाठी जड तेलाचा वेगळा ट्रॅप मिळतो, ज्यात तेल खाली साठतं आणि पाणी वरून परत जातं. दालचिनीच्या सालीलाही तोच लागतो. दुसरा उपाय म्हणजे हलक्या ट्रॅपमध्ये आधी मोजून थोडं झायलीन टाकणं. जड तेल त्यात विरघळून वर तरंगत राहतं आणि शेवटी एकूण घनफळातून झायलीन वजा करायचं. मात्र पाल्याविना अर्धा तास नुसतं झायलीन चालवून थंड झाल्यावर ते किती भरतं ते वाचा आणि तोच आकडा वजा करा. बाटलीतून मोजून टाकलेला आकडा वजा केला तर हिशोब चुकतो, कारण थोडं झायलीन वाटेत कमी होतं. झायलीन पेट घेणारं आहे, म्हणून उघडी ज्योत अजिबात नको, आणि ते मिसळलेलं तेल वापरायचं नाही, फक्त मोजायचं.

लवंगेत ओलाव्याची पद्धतही बदलावी लागते. गवती चहात ७२ टक्के पाण्यापुढे अर्धा टक्का तेल ओव्हनमध्ये उडालं तरी फरक नगण्य. लवंगेत तेलच पंधरा-वीस टक्के असतं आणि पाणी त्याहून कमी. ओव्हनमध्ये जे वजन घटतं त्यात तेलाचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे ओलावा फुगून दिसतो, कोरडं वजन कमी निघतं आणि उतारा खोटा वाढतो. तिथे टोल्युइनबरोबर उकळून, डीन-स्टार्क ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी थेट मोजतात. टोल्युइनमध्ये तेल विरघळून राहतं आणि खाली बसतं ते फक्त पाणी.

ओव्याची अडचण निराळी. त्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं आणि ते सुमारे ५० अंशांच्या खाली घट्ट होतं. कंडेन्सर बर्फाच्या पाण्यावर ठेवला तर आतल्या काचेवर पांढरे स्फटिक धरतात आणि नळीचा रस्ता अरुंद होतो. ओव्यासाठी कंडेन्सरचं पाणी फार गार नको, आणि दर वाचनाआधी ते क्षणभर बंद करून स्फटिक वितळवून खाली आणावे लागतात. वाचनाच्या वेळी तेलात खडे दिसले तर ट्रॅपभोवती कोमट पाण्याचं फडकं गुंडाळा, खडे विरघळू द्या आणि मगच कडा वाचा.